पंधरा टक्के वाढ आली कुठून?

‘दुसऱ्या तिमाहीत कंपनीच्या महसुलात १५ टक्क्यांची भक्कम वाढ झाली. बाजारातील मजबूत मागणी, वितरण जाळ्याचा विस्तार आणि व्यवस्थापनाने राबवलेले विविध उपक्रम यांमुळे ही वाढ साध्य झाली. कच्च्या मालाच्या दरवाढीचे आव्हान असतानाही नफ्यातील सातत्य राखण्यात कंपनी यशस्वी ठरली.’

शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांचे तिमाही निकाल चाळणाऱ्याला हा परिच्छेद पाठ झालेला असतो. यात खोटं काही नाही आणि कळतंही काही नाही. कंपनीचं नाव झाकून तो सिमेंटच्या कंपनीला लावा, बिस्किटांच्या लावा, औषधांच्या लावा. एक शब्दही बदलावा लागत नाही. कुठल्याही कंपनीला चालणारं कारण कुठल्याच कंपनीचं नसतं.

आपल्याकडे ‘सेबी’च्या नियमांनुसार तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल जाहीर करावे लागतात, वर्षअखेरच्या निकालांना ६० दिवस मिळतात. आकडे कसे मांडायचे ते ठरलेलं असतं आणि लेखापरीक्षक त्यांचं मर्यादित परीक्षण करतात. आकड्यांसोबत प्रसिद्धिपत्रक किंवा सादरीकरण म्हणून जे भाष्य जातं, ते मात्र त्या परीक्षणात येत नाही. व्यवस्थापनाचं सविस्तर विवेचन आपल्याकडे वार्षिक अहवालात सक्तीचं आहे, तिमाहीला नाही. अमेरिकेत ते तिमाही अहवालातही द्यावंच लागतं. त्यासाठीचा तिथला नियम नेमका आहे: एखाद्या आकड्यात मोठा बदल झाला असेल तर त्यामागची कारणं शब्दांत आणि आकड्यांत सांगा, आणि एकाच ओळीत दोन मोठे बदल एकमेकांना खाऊन टाकत असतील, तर तेही सांगा. हे दुसरं कलम महत्त्वाचं आहे, त्याकडे पुढे येऊ.

हे भाष्य लिहितं कोण? बहुधा हिशेब विभागातलं कुणीतरी, संचालक मंडळाच्या बैठकीच्या आदल्या दोन रात्रींत. गेल्या तिमाहीची फाइल उघडायची, ‘पहिल्या’च्या जागी ‘दुसऱ्या’ करायचं, टक्के बदलायचे आणि विशेषणं परिस्थितीनुसार चढवायची किंवा उतरवायची. म्हणून असा मजकूर सुधारायला घेताना भाषेपासून सुरुवात करून उपयोग नसतो. ‘भक्कम’ काढून ‘चांगली’ घातलं तरी वाचणाऱ्याच्या हाती तेच येतं. आधी हिशेबाच्या वह्यांकडे जावं लागतं.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. कंपनी काल्पनिक आहे आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घडवलेले आहेत. वरचा परिच्छेद तिचाच समजा. ही कंपनी शेतीचे पंप बनवते: विजेवर चालणारे नेहमीचे पंप आणि थोड्या प्रमाणात सौर पंपांचे संच. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत गेल्या वर्षी तिचा महसूल २०० कोटी रुपये होता, यंदा २३० कोटी झाला. करपूर्व नफा २० कोटींवरून २१ कोटींवर गेला. वाढ झाली हे खरंच. पण हे ३० कोटी आले कुठून?

पहिला प्रश्न नेहमी हाच: माल जास्त विकला गेला, की महाग विकला गेला? विक्रीच्या नोंदवहीत हे दोन तासांत सापडतं. गेल्या वर्षी या तिमाहीत विजेचे ९०,००० पंप गेले होते, सरासरी २०,००० रुपयांना. म्हणजे १८० कोटी. यंदा ९४,००० पंप गेले, सरासरी २१,००० रुपयांना, म्हणजे १९७.४ कोटी. चार हजार पंप जास्त गेले, जुन्या भावाने त्याचे ८ कोटी. भाव हजार रुपयांनी वाढला, ९४,००० पंपांवर त्याचे ९.४ कोटी. सौर संचांची विक्री २० कोटींवरून ३२.६ कोटींवर गेली, म्हणजे १२.६ कोटींची भर. आठ, नऊ दशांश चार आणि बारा दशांश सहा. बेरीज बरोबर ३०.

कंपन्यांमध्ये याला ‘ब्रिज’ म्हणतात. गेल्या वर्षीच्या आकड्यावरून यंदाच्या आकड्यावर नेणारा. भाष्यातली कारणं त्याच्या कमानींवर उभी राहिली पाहिजेत. कारणांची बेरीज बदलाएवढी येत नसेल, तर एखादं कारण राहून गेलंय किंवा एखादं उगाच घुसडलंय. आपल्या परिच्छेदातला ‘वितरण जाळ्याचा विस्तार’ घ्या. कंपनीने या काळात सांगलीकडे आणि मराठवाड्यात मिळून काही नवे विक्रेते नेमले होते, हे खरं. त्यांच्याकडून आलेली विक्री मोजली तर पाऊण कोटीसुद्धा भरली नाही. तीस कोटींच्या गोष्टीत पाऊण कोटीला दुसऱ्या क्रमांकाचं स्थान कसं मिळालं? तर मागच्या तिमाहीच्या फाइलमध्ये ते होतं म्हणून.

इथे एक बारीक खाच आहे. जास्त गेलेले चार हजार पंप वाढीव भावाने गेले. मग त्या चार हजारांवरचे हजार रुपये, म्हणजे ४० लाख, भाववाढीत धरायचे की संख्यावाढीत? दोन्ही चालतं. आपण ते भाववाढीत धरलेत. मात्र एकदा ठरवलेली पद्धत दर तिमाहीला तीच ठेवावी लागते. एका तिमाहीत भाववाढ मोठी दाखवायची आणि पुढच्या तिमाहीत संख्यावाढ, असं सोयीनुसार इकडून तिकडे केलं, तर ब्रिजचाही उपयोग संपतो. इथे रक्कम किरकोळ आहे. भाव आणि संख्या दोन्ही जोरात हलतात तेव्हा ती किरकोळ राहत नाही.

आता ते जास्तीचे चार हजार पंप. ‘मजबूत मागणी’ हे कारण त्यांच्यावरच उभं आहे. म्हणून महिन्याची बेरीज सोडून दिवसवार रवानगी काढली. जुलै आणि ऑगस्ट गेल्या वर्षीपेक्षा मंद. सप्टेंबरचे पहिले वीस दिवसही तसेच. आणि शेवटच्या दहा दिवसांत गाड्याच गाड्या. विक्री विभागाने २१ सप्टेंबरला विक्रेत्यांना एक परिपत्रक पाठवलं होतं: महिनाअखेरपर्यंत माल उचलला तर पैसे ४५ दिवसांऐवजी १२० दिवसांनी द्या. एरवी ऑक्टोबरमध्ये उचलला असता असा माल लोकांनी सप्टेंबरमध्येच उचलला. विक्रेत्यांच्या गोदामांतला साठा आणि त्यांनी शेतकऱ्यांना केलेली विक्री यांचे आकडे कंपनीकडे येतच असतात. त्यावरून अंदाज निघाला की सुमारे ७,००० पंप असे पुढच्या तिमाहीतून ओढून आणलेले आहेत. ते बाजूला केले तर विक्री ८७,००० पंपांची. गेल्या वर्षीपेक्षा तीन हजारांनी कमी.

विक्रीप्रमुखांना हे सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं. “अहो, बिलं फाटलीत ना? माल गेटच्या बाहेर पडलाय ना? मग विक्रीच झाली ती.” हिशेबाच्या नियमांनी त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मालाचा ताबा विक्रेत्याकडे गेला आणि तो परत घेण्याचा वायदा नसेल, तर महसूल सप्टेंबरचाच. (परत घेण्याचं तोंडी आश्वासन दिलेलं असेल तर मग प्रश्न भाष्याचा राहत नाही, महसूल धरण्याचाच होतो, ते प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर.) म्हणजे आकडा खरा आणि त्याचं दिलेलं कारण खोटं, अशी ही जागा आहे.

नेमक्या याच जागेवर ‘अंडर आर्मर’ ही खेळांचे कपडे आणि बूट बनवणारी अमेरिकन कंपनी अडकली. अनेक वर्षं दर तिमाहीला २० टक्क्यांहून जास्त वाढ दाखवणं हा तिचा लौकिक होता. २०१५च्या उत्तरार्धात विक्री मंदावू लागली, तेव्हा पुढच्या तिमाहीत पाठवायच्या ऑर्डरी आधीच पाठवणं सुरू झालं. सलग सहा तिमाह्यांत मिळून असा ४० कोटी ८० लाख डॉलरचा माल पुढून मागे ओढला गेला, असा तिथल्या बाजार नियामकाचा निष्कर्ष होता. महसूल चुकीचा नोंदवला असा ठपका नव्हताच. ठपका होता तो वाढीची इतर कारणं सांगितली आणि हे कारण गाळलं, याचा. मे २०२१मध्ये कंपनीने ९० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. आरोप मान्यही केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत. गोम अशी की पुढच्या तिमाहीतून ओढलेला माल पुढच्या तिमाहीत कमी पडतो, मग त्याच्याही पुढच्या तिमाहीतून आणखी ओढावा लागतो. गुंतवणूकदाराला हे आधी कळणं म्हणूनच गरजेचं असतं.

बाहेरच्या वाचकाला असं काही चाललंय हे दिसतं का? थोडंफार दिसतं. आपल्याकडे ताळेबंद दर तिमाहीला येत नाही, सहामाहीला येतो. म्हणजे सप्टेंबर आणि मार्चच्या निकालांसोबत. त्यात ‘व्यापारी येणी’ ही ओळ पाहायची. आपल्या पंप कंपनीची येणी गेल्या सप्टेंबरच्या ९६ कोटींवरून १३१ कोटींवर गेली. महसूल १५ टक्क्यांनी वाढला आणि उधारी ३६ टक्क्यांनी. विक्रीपेक्षा उधारी एवढी वेगाने का पळतेय, हा प्रश्न विचारायला हिशेबनीस असावं लागत नाही. यातला काही भाग सौर कंत्राटाच्या सरकारी बिलांचा असू शकतो. कंपनीने तोही फोडून सांगितला तर उत्तमच.

आता नफा. २० कोटींचे २१ कोटी. पाच टक्के वाढ. भाष्यात ‘सातत्य’. इतका छोटा बदल असला की लिहिणारा सुटकेचा निःश्वास टाकतो, कारण स्पष्टीकरण द्यायचं काही उरलेलं नसतं असं त्याला वाटतं. ब्रिज मांडला की चित्र पालटतं. तांबं आणि पोलाद महागल्यामुळे खर्च १५ कोटींनी वाढला. भाववाढीने त्यातले ९.४ कोटी भरून काढले. जास्तीचे पंप आणि सौर संच यांचा नफा ५ कोटी. वाहतूक, पगार वगैरे ३.४ कोटींनी वाढले. इथपर्यंतची बेरीज उणे ४ कोटी येते. मग नफा वाढला कसा? ‘इतर उत्पन्न’ या ओळीत ५ कोटी जास्त आहेत म्हणून. कंपनीने जुन्या कारखान्यालगतची मोकळी जमीन विकली, तिचा फायदा. ती दुसऱ्यांदा विकता येणार नाही. पंपांच्या धंद्यातला नफा २० कोटींवरून १६ कोटींवर आला आहे, म्हणजे पाचवा हिस्सा गेला आहे, आणि भाष्य म्हणतंय सातत्य.

दोन मोठे बदल एकमेकांना खाऊन टाकतात आणि वर शांत पाणी दिसतं. अमेरिकी नियमातलं ते कलम याच प्रकारासाठी आहे. या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण ‘कॅटरपिलर’चं. बुलडोझर आणि रस्त्याची यंत्रं बनवणारी ही कंपनी तेव्हा इलिनॉयमधल्या पिओरिया इथून चालायची. १९८९ साली तिला ४९ कोटी ७० लाख डॉलर निव्वळ नफा झाला. त्यातला सुमारे २३ टक्के नफा एकट्या ब्राझीलमधल्या उपकंपनीने मिळवला होता, जिचा महसुलातला वाटा जेमतेम ५ टक्के होता. आणि हा नफा यंत्रं विकून वाढलेला नव्हता. ब्राझीलमध्ये त्या काळी महागाईने कहर केला होता. चलनाच्या रूपांतरातला फायदा, निर्यातीवरचं अनुदान, व्याजाचं उत्पन्न आणि जुन्या तोट्यांवरची करसवलत यांतून तो आला होता. एकत्रित हिशेबात या रकमा वेगवेगळ्या ओळींत विरघळून गेल्या. वार्षिक अहवाल वाचून कुणालाही ब्राझीलचं वजन कळणं शक्य नव्हतं. कंपनीच्या वरिष्ठांना मात्र ते पक्कं ठाऊक होतं. संचालक मंडळासमोर ब्राझीलची चर्चा स्वतंत्रपणे होत होती.

मार्च १९९०मध्ये फर्नांदो कोलोर हे ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि महागाई मोडून काढण्यासाठी त्यांनी बँकांतल्या ठेवी गोठवण्यापर्यंतचे कडक उपाय केले. कॅटरपिलरच्या त्या तिमाहीच्या अहवालातही ब्राझीलच्या या धोक्याचं नीट विवेचन नव्हतं. जूनअखेरीस कंपनीने सांगितलं की वर्षाचा नफा अपेक्षेपेक्षा बराच कमी राहील, आणि त्याचं मोठं कारण ब्राझील. शेअर घसरला. मार्च १९९२मध्ये नियामकाचा आदेश आला. दंड नव्हता, पुन्हा असं न करण्याची ताकीद होती. पण त्या आदेशाने एक कसोटी रुजवली: व्यवस्थापनाला बैठकीच्या खोलीत कंपनी जशी दिसते, तशी ती वाचकाला दिसली पाहिजे. आत वेगळं बोलत असाल आणि बाहेर वेगळं लिहीत असाल, तर आकडे बरोबर असूनही तुम्ही चुकलात.

माझ्या मते मजकूर सुधारणाऱ्याला याहून सोपं हत्यार नाही. संचालक मंडळाला दिलेली टिपणं आणि बाहेर जाणारा मजकूर शेजारी ठेवायचा. आतल्या टिपणात ‘जमीन विक्री वगळता’ असा शब्दप्रयोग पाच वेळा असेल आणि बाहेरच्यात एकदाही नसेल, तर काम कुठे आहे ते कळलंच.

आकडे जुळले, तरी कारण अजून पूर्ण झालेलं नसतं. ‘संख्या तीन हजारांनी घटली’ हे गणित झालं. ती का घटली हे सांगायचं राहिलंय. इथे मराठी मुलखात एक हुकमी उत्तर तयार असतं: पाऊस. पंपवाल्यांना तर तो दोन्हीकडून कामाला येतो. जास्त पडला की शेतकऱ्याला पंप लागला नाही, आणि कमी पडला की विहिरीला पाणी नाही, शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही. वाईट झालं की हवामान, आणि चांगलं झालं की व्यवस्थापनाचे उपक्रम. बेटमन आणि वाइट्झ या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८३ साली कंपन्यांच्या अहवालांतली कारणं तपासली, तेव्हा त्यांनाही हाच कल आढळला: अपयशाची कारणं कंपनीबाहेर शोधली जातात.

पण पावसाचं कारण तपासता येतं. हवामान खात्याचे जिल्हावार आकडे सर्वांना उपलब्ध असतात आणि कंपनीकडे डेपोवार विक्री असते. पाऊस हे खरं कारण असेल तर जिथे पावसाने जास्त गोंधळ घातला तिथे विक्री जास्त घटायला हवी. आपल्या कंपनीत तसं दिसलं नाही. पाऊस वेळेवर झालेल्या भागातही विक्री तेवढीच पडली होती. मग फिरतीवरच्या लोकांना विचारलं, तेव्हा वेगळंच निघालं. महाराष्ट्रात २०२४पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरून सौर पंप मिळतो, बाकीचं सरकार भरतं. अर्ज करून वाट पाहणारा माणूस २१ हजारांचा विजेचा पंप कशाला घेईल? ज्या डेपोंच्या हद्दीत अर्ज जास्त, तिथेच विक्री जास्त घटली होती.

म्हणजे जुन्या भाष्यात ‘मजबूत मागणी’ म्हणून गौरवलेली सौर पंपांची वाढ आणि आपण खणून काढलेली विजेच्या पंपांची घट यांच्यामागे एकच गोष्ट आहे. ग्राहक एका मालाकडून दुसऱ्याकडे सरकतोय. पावसाचा परिणाम पुढच्या वर्षी विरतो, हे सरकणं विरणार नाही. गुंतवणूकदाराला या दोन्हींतला फरक कळायलाच हवा. अर्थात डेपोवार आकड्यांवरून काढलेला हा निष्कर्ष काही न्यायालयातला पुरावा नाही. म्हणून तो ‘आमच्या मते’ असं म्हणून, आधार सांगून लिहायचा. जे मोजता आलं नाही ते मोजलं नाही, असंही लिहिता येतं. त्याने कुणाचं बिघडत नाही.

पावसासारखंच एक कारण दिनदर्शिकेत दडलेलं असतं आणि ते उलट गाळलं जातं. गुढीपाडवा २०२४ साली ९ एप्रिलला होता आणि २०२५ साली ३० मार्चला. पाडव्याला सोनं आणि गाड्या घेण्याची आपल्याकडची रीत लक्षात घेतली, तर महाराष्ट्रात दुकानं असलेल्या सराफाची जानेवारी ते मार्च २०२५ची तिमाही आधीच्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा काही न करताच उजळ दिसणार, आणि पुढची तिमाही फिकी. पहिल्या वेळी ‘ग्राहकांचा वाढता विश्वास’ लिहिणारे दुसऱ्या वेळी हटकून ‘सणाची तारीख बदलल्याने’ लिहितात. तारीख दोन्ही वेळा बदललेलीच असते. तुलनेचं वर्षच विचित्र असेल, जसं टाळेबंदीतल्या एप्रिल ते जून २०२०च्या तिमाहीशी पुढच्या वर्षीची तुलना, तर तेही पहिल्याच ओळीत आलं पाहिजे.

आता आपल्या पंप कंपनीचा तो परिच्छेद पुन्हा लिहू.

‘या तिमाहीत महसूल २०० कोटींवरून २३० कोटी रुपये झाला. ३० कोटींच्या वाढीपैकी १२.६ कोटी सौर पंपांतून आले. त्यातील बहुतांश विक्री एकाच सरकारी कंत्राटाची असून ते सप्टेंबरमध्ये पूर्ण झाले. एप्रिलमधील भाववाढीचे ९.४ कोटी आहेत. विजेच्या पंपांची विक्री ९०,००० वरून ९४,००० झाल्याने उरलेले ८ कोटी आले. तथापि सप्टेंबरच्या अखेरच्या दहा दिवसांत विक्रेत्यांना उधारीची मुदत ४५ ऐवजी १२० दिवस दिली होती. त्यामुळे आमच्या अंदाजाने सुमारे ७,००० पंप ऑक्टोबरऐवजी सप्टेंबरमध्ये उचलले गेले, आणि तेवढी घट पुढील तिमाहीत दिसू शकेल. ते वगळता विजेच्या पंपांची विक्री सुमारे ३ टक्क्यांनी घटली. अनुदानित सौर पंपांसाठी अर्ज केलेले शेतकरी खरेदी थांबवत आहेत, हे आमच्या मते त्याचे मुख्य कारण आहे. अर्ज जास्त असलेल्या भागांत घट जास्त आहे.

‘करपूर्व नफा २० कोटींवरून २१ कोटी झाला. त्यात जमीन विक्रीचा ५ कोटींचा एकवेळचा फायदा आहे. तो वगळता नफा १६ कोटी. तांबे आणि पोलादाच्या दरांमुळे खर्च १५ कोटींनी वाढला, त्यापैकी ९.४ कोटी भाववाढीतून वसूल झाले.’

जुना मजकूर तीन वाक्यांचा होता, हा त्याच्या तिप्पट-चौपट झाला. पण विशेषण एकही उरलं नाही. क्रियापदं बघा: ‘साध्य झाली’, ‘यशस्वी ठरली’ गेली, ‘आले’, ‘घटली’, ‘दिली होती’ आली. मुदत ‘दिली होती’ म्हटल्यावर ती कुणी दिली हे लपत नाही.

हा मसुदा बैठकीत गेला की आक्षेप येतात, आणि सगळेच अप्रामाणिक नसतात. कंत्राटाची रक्कम उघड केली तर पुढच्या निविदेत प्रतिस्पर्धी त्याचा फायदा घेईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून वर ‘बहुतांश’ लिहून थांबलो आहे. विक्रेत्यांची नावं, प्रत्येक मालावरचा नफा, तांब्याची खरेदी कोणाकडून, हे कुणी मागतही नाही. ‘पुढील तिमाहीत घट दिसू शकेल’ यावर कायदा विभाग कां-कू करतो, पण आधीच घडून गेलेल्या घटनेचा माहीत असलेला परिणाम सांगणं आणि भविष्य वर्तवणं यांत फरक आहे. सर्वांत चिवट आक्षेप मात्र असा असतो: “बाकीचे कुणी एवढं लिहीत नाहीत, आपणच का लिहायचं?” याला कागदावरचं उत्तर नाही. एक व्यवहारी उत्तर आहे. निकालानंतर विश्लेषकांसोबत फोनवर बैठक होते, तिचं ध्वनिमुद्रण आणि लेखी प्रत बड्या कंपन्यांना जाहीर करावी लागते. येणी ३६ टक्क्यांनी का वाढली, हा प्रश्न तिथे येणारच. तिथे अडखळत दिलेलं उत्तर कायमचं नोंदलं जातं, आणि मूळ भाष्यात ते का नव्हतं हा दुसरा प्रश्न लगेच मागून येतो.

खरी परीक्षा पुढे, डिसेंबरच्या तिमाहीला होते. तेव्हाचा मजकूर सुरू करताना सप्टेंबरचा समोर हवा. सात हजार पंपांचा अंदाज होता, प्रत्यक्षात ऑक्टोबरची उचल किती घटली? पाच हजारांनी घटली असेल तर तसं लिहायचं, नऊ हजारांनी घटली असेल तर तसं. १२० दिवसांची मुदत जानेवारीच्या अखेरीस संपते, आणि डिसेंबर तिमाहीचे निकाल साधारण त्याच सुमारास किंवा थोडे नंतर येतात. विक्रेत्यांनी पैसे भरले की आणखी मुदत मागितली, हे तोवर कंपनीला कळलेलं असेल. त्या तिमाहीत ताळेबंद द्यावा लागत नाही, तेव्हा बाहेरच्या माणसाला ते कळण्याची जागा एकच उरते: भाष्य.